बावचीचं तेल आणि न उघडलेली बाटली

माझी बायको धरणाजवळच्या एका रिसॉर्टमध्ये स्वागतकक्षात काम करते. पन्नाशी जवळ आली तशी गालांवर वांगाचे डाग दिसायला लागले आणि तिने डाग-सुरकुत्यांवरचं रेटिनॉलचं क्रीम आणलं. महिनाभरात चेहरा लाल, सोललेला. "पाहुणे आधी माझ्या नाकाकडे बघतात," ती म्हणाली. मॅनेजर तिला मागच्या खोलीत बसवायचं बोलत होता. पुढचं टेबल सोडायची तिची तयारी नव्हती.

मी वाचत बसलो. बाकुचीओल नावाचा पदार्थ, बावचीच्या बियांमधून काढलेला. बारा आठवड्यांच्या एका अभ्यासात सुरकुत्या आणि डाग रेटिनॉलइतकेच कमी झाले होते. सोलणं, चुरचुरणं कमी. अभ्यासातली माणसं मात्र पन्नासही नव्हती. "पुरावा थोडा आहे," मी सांगितलं, "पण ज्यांना रेटिनॉल सोसत नाही त्यांनी करून बघण्यासारखं आहे." अर्धा टक्का बाकुचीओल असलेलं सिरम आम्ही मागवलं. आमच्या कासार आंबोलीला पार्सल यायला वेळ लागतो.

घरमालकीण मावशी रोज दुपारी आमच्याकडे येतात. बायकोने त्यांना सिरम कशाचं ते सांगितलं.

"आगं, ही तर आपली बावची! तिला कशाला परदेशी बाटली? माझ्याकडं तेल हाय. लई गुणाचं."

हे बोलणं झालं तेव्हा मी कामावर होतो. सकाळी मावशींचं तेल लावून ती रिसॉर्टवर गेली. त्या दिवशी एक मोठा ग्रुप यायचा होता. ती दुपारभर फाटकाशी उन्हात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी चेहरा तापला, तिसऱ्या दिवशी गालांवर फोड.

पौडच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बियांच्या तेलात सोरालेनही असतं. ते त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजतं. सिरममध्ये बाकुचीओल वेगळं काढून शुद्ध केलेलं असतं. दोन्ही एक नव्हेत."

मावशी पलंगाच्या कडेला बसून रडवेल्या झाल्या. "सासऱ्यांच्या कोडाला लावायचो आमी. लावून उन्हात बसवायचो, रंग भरावा म्हून. सावलीत ऱ्हा म्हनून सांगायचं सुचलंच न्हाई गं."

बायको म्हणाली, "मावशी, रंग तर भरलाय."

फोड बसले. जिथे वांग होते तिथे आता काळे पट्टे आहेत. पुढच्या टेबलावर दुसरी मुलगी बसते.

सिरम आलं. त्वचा शांत होईपर्यंत तेही लावायचं नाही, फक्त सनस्क्रीन आणि सावली, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. बाटली आरशापाशी तशीच आहे, सील न तोडलेली.

"अहो, तुम्ही एवढं वाचता," काल ती आरशातूनच माझ्याकडे बघत म्हणाली, "हे जायला किती दिवस?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, महिने. किती ते सांगता येत नाही. मीही तेवढंच सांगितलं. तिने स्कार्फ बांधला आणि मागच्या दाराने कामाला जायला निघाली.