भिंतीआडून विचारलेला प्रश्न

टुकुयूच्या चहामळ्यात राबलेल्या अंबोकिलेला वीस वर्षं अधूनमधून रात्री गुदद्वारात सुरी खुपसल्यासारखी कळ यायची आणि पाच-दहा मिनिटांत मागमूस न ठेवता जायची. डॉक्टरांनी तेव्हा तपासून निर्धास्त केलं होतं. यंदा मात्र कळ दिवसभर हटेना, शौचाला रक्त पडू लागलं. गावच्या दवाखान्यात तपासणारी एकटी त्याची सून, आणि सासऱ्यानं सुनेच्या नजरेला पडायचं नाही ही त्यांच्या न्याक्युसा जमातीची रीत. तिनं भिंतीआडून सासूकरवी विचारलं, "कळ लगेच थांबते का? रक्त पडतं का?"

"जुनंच दुखणं आहे म्हणावं. नसत्या चौकशा नकोत," तो बायकोवर खेकसला.

पाच महिन्यांनी शहरातल्या डॉक्टरच्या बोटाला आत तपासताना गाठ लागली. "आधी कुणी विचारलंसुद्धा नाही?"

"विचारलं होतं," अंबोकिले म्हणाला. "मी खोटं बोललो."