अकील पिंजारी आणि बेटांवरच्या कंपन्या

मी एका कंपनीचा सीईओ आहे. हे वाक्य ऐकून कुणी खुर्ची पुढे करायला उठू नये. आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, मिरचीवाल्या शेतकऱ्यांची. ऑफिस नंदुरबारला बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर, आणि सीईओनेच चहा सांगायचा, सीईओनेच पंखा दुरुस्त करून आणायचा. नाव कुंदन. पण हे माझ्याबद्दल नाही, आमच्या सीएबद्दल आहे.

अकील पिंजारी हा हारुनशेठांचा मुलगा. घरचा धंदा मिरचीचा. शहराबाहेर त्यांची पथारी आहे, म्हणजे मिरची वाळत घालायचं मोकळं रान. हिवाळ्यात तिथून गेलं की दोन दिवस शिंका येतात. अकीलला लहानपणापासून त्या धुराळ्याचा त्रास, म्हणून तो सीए झाला, असं हारुनशेठ सांगतात. पुण्यात सहा-सात वर्षं त्याने परदेशी कंपन्यांच्या करांचं काम केलं. वडिलांची बायपास झाली तेव्हा परत आला आणि इथेच राहिला. इथे त्या कामाला गिऱ्हाईक शून्य. तो व्यापाऱ्यांचे जीएसटी भरायचा, आणि आमचा सल्लागार होता. आमची फी हाच त्याचा मोठा आधार. हे त्यालाही माहीत होतं, आमच्या संचालकांनाही.

अकीलचा एकच दोष. त्याला 'बहुतेक' हा शब्द बोलता येतो, पण लिहिता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी एक विलायती मसाला कंपनी आमच्याकडे आली. मिरचीचा रंग आणि तेल काढून जगभर विकणारी. आमची मिरची पाच वर्षं घेणार, बाजारभावाने, आणि वर्षाअखेर बोनस. आमच्या अध्यक्षा चारुलताताई पाटील, कळसाडीच्या. त्यांनी हा करार आणण्यासाठी वर्षभर चपला झिजवल्या होत्या. त्यांचं म्हणणं, आता सही करून मोकळं व्हायचं.

मध्ये आले भटूनाना. भटूनाना संचालक, ऊसवाले, शिवाय मालट्रकवाले. त्यांच्या भाच्याने मोबाइलवर त्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून दिला. शेवटच्या पानांवर तिच्या सगळ्या उपकंपन्या पत्त्यांसह छापलेल्या. हे काही गुपित नव्हतं, तिथल्या कायद्याने छापावंच लागतं. पण नानांनी ते असं वाचून दाखवलं जसं काही त्यांनी रात्रभर दबा धरून पकडलं होतं. नेदरलँड्स, सिंगापूर, मॉरिशस, जर्सी, गर्न्सी, केमन. निम्म्याच्या आसपास कंपन्या असल्या ठिकाणी.

"इतला कंपन्या बेटवर कसाले लागतस?" नाना आमच्या अहिराणीत म्हणाले. "मिरची त आठे पिकस. हाई चोरी नही त काय शे?"

नेदरलँड्स बेट नाही, हे मी म्हणालो. त्याची नोंद कुणी घेतली नाही.

ठरलं असं की अकीलने लेखी अहवाल द्यावा. नानांना त्यात 'चोर' हवं होतं, ताईंना 'स्वच्छ'. पुढच्या बैठकीत करारावर मत पडणार होतं, आणि त्याच बैठकीत अकीलची पुढच्या वर्षाची नेमणूक. कुणी तसं बोललं नाही, पण विषयपत्रिका मीच टाइप केली होती, दोन्ही विषय एकाखाली एक.

अकीलने यादी घेतली आणि बसला. कंपनीचे जुने अहवाल काढले, सिंगापूरच्या सरकारी नोंदणीतले कागद फी भरून मागवले, कंपनीच्या पुण्याच्या माणसाला प्रश्न पाठवले. मी संध्याकाळी जायचो तेव्हा सांगायचा.

"नेदरलँड्समा कर काही कमी नही, आपलाइतलाच शे," तो म्हणाला. "तठे नुसत्या शेअर धरणाऱ्या कंपन्या शेत. त्या देशना बठ्ठा देशसंगे करार शेत. नफा एक देशमाईन दुसरा देशमा नेताना दोनदा कर लागत नही."

मॉरिशसची कंपनी एका भागीदाराबरोबर काढलेली. दोन देशांचे गुंतवणूकदार, कुणाच्याच देशात नको म्हणून तिसरीकडे, जिथे मध्येच आणखी एक कर बसत नाही. जर्सीच्या तीन कंपन्या दुसरी एक कंपनी विकत घेतली तेव्हा तिच्यासोबत आल्या. घर घेतलं की माळ्यावरची अडगळ येते तशा, बंद करायला खर्च येतो म्हणून पडून. गर्न्सीची कंपनी त्यांच्याच गटातल्या कंपन्यांचा विमा उतरवते. सिंगापूरला मात्र खरा धंदा, गोदाम, नव्वदेक माणसं, जगभरची खरेदी-विक्री तिथूनच. तिथे व्यापाराला करात सवलत मिळते, आणि ती मिळते म्हणूनच ते तिथे गेले असतील, हेही त्याने झाकलं नाही.

"आनि केमन?" मी विचारलं.

"केमननं कारण सापडनं नही."

"मंग लिख ना, बहुतेक कर चुकाडाले शे."

"सापडनं नही, इतलंच लिखसू."

बैठकीआधी आम्ही कंपनीचा नवापूरकडचा कारखाना बघायला निघालो. ताई, नाना, अकील आणि मी, एका गाडीत. विसरवाडीला चहाला थांबलो. समोर ट्रकांची रांग, आणि त्यात भटूनानांचा स्वतःचा ट्रक उभा. नंबरप्लेट नागालँडची. आमच्या हायवेवर ही काही नवलाची गोष्ट नाही. नागालँड न पाहिलेले नागालँडचे ट्रक इथे ढिगाने आहेत.

ताईंनी कप खाली ठेवला. "नाना, तुमनी गाडी नागालँडले कधी गई व्हती?"

"गई नही. पासिंग तठली शे. तठे टॅक्स कमी, परमिट लवकर मिळस. बठ्ठा करतस."

"मंग तुमी चोर शेत का?"

"मन्ही गाडीमा साखर शे," नाना म्हणाले. "बिल्टी, मालना कागद, दखाडू का?"

ताई जिंकल्यासारख्या अकीलकडे वळल्या. मी तर मनात करारावर सहीच केली. पण अकील पिंजारी तिथे बसला होता.

"ताई, बिल्टी दखाशिवाय साखर शे आसं बी म्हनता येत नही," तो म्हणाला. "नंबरप्लेट पाहीसन इतलंच समजस, कागद कोठे बनना. ताडपत्रीखाल काय शे ते ताडपत्री उघडीसनच समजस. जंगलमाईन चोरेल सागवान बी नागालँडना ट्रकमा जास, आनि एमएच एकोणचाळीसना ट्रकमा बी जास."

एमएच एकोणचाळीस म्हणजे आमचा नंदुरबारचाच नंबर.

अकीलने ताडपत्री उघडली ती भलतीकडे. बेटांवर नाही, आमच्याच कराराच्या मराठी मसुद्यात. बोनसचं कलम असं होतं: कंपनीच्या भारतातल्या शाखेला आमच्या मिरचीवर जो नफा होईल, त्यातला हिस्सा आम्हाला. ऐकायला गोड. पण भारतातली शाखा सगळं तेल विकणार सिंगापूरच्या बहिणीला. म्हणजे भाव दोन बहिणींनी आपसात ठरवायचा. भाव कमी धरला की नफा सिंगापूरला दिसणार, इथे नाही, आणि आमचा बोनस गेला.

"म्हणजे चोरच," मी म्हणालो.

"नही रे. परक्या मानूसले जो भाव लाया आस्ता तोच बहीनले लावना पडस, आसा कायदा शे. आयकरवाला तपासतस. पन त्या सरकारना करनासाठे तपासतस, आपला बोनससाठे नही, आनि त्याले वरीसनं वरीस लागतस. आनि भाव इमानदार ऱ्हायना तरी तो एक आकडा नसस, वरखाल व्हस. आपुन कसाले त्यामा पडानं?"

त्याचा उपाय साधा होता. बोनस शाखेच्या नफ्याला बांधायचाच नाही. नंदुरबार बाजार समितीच्या सरासरी भावाला आणि मिरचीच्या रंगाला बांधायचा. दोन्ही आम्हाला इथे बसून दिसतात.

मी कंपनीच्या पुण्याच्या माणसाला फोन केला. त्याने वरिष्ठांना विचारलं आणि दुसऱ्या दिवशी हो म्हणाला. याचा सगळ्यात जास्त त्रास आमच्या संचालकांना झाला. नाना म्हणाले, इतक्या लवकर मानलं म्हणजे दाल में काला. ताई म्हणाल्या, इतक्या लवकर मानलं म्हणजे मन साफ. अकीलच्या अहवालात लिहिलं होतं: "उपकंपन्यांच्या पत्त्यांवरून करचुकवेगिरी सिद्ध होत नाही. प्रामाणिकपणाही सिद्ध होत नाही. एका कंपनीचे कारण समजले नाही. बोनसचे कलम बदलावे."

करार एकमताने मंजूर झाला, नव्या कलमासह. अकीलची नेमणूक नामंजूर झाली, तीही जवळजवळ एकमताने. नानांच्या मते त्याने त्या विलायती कंपनीला वाचवलं. ताईंच्या मते त्याने पाहुण्यांसमोर संशयाचा वास सोडला. सीईओला मत नसतं. मी इतिवृत्त लिहिलं. मला त्या दिवशी स्वतःच्या हस्ताक्षराचीही चीड आली होती.

अकीलने स्टेशनरोडचं ऑफिस सोडलं आणि घरच्या पुढच्या खोलीत टेबल मांडलं. मिरचीच्या गोण्या शेजारीच. तो शिंकत शिंकत रिटर्न भरतो.

वर्ष गेलं. निवडणुकीत भटूनाना अध्यक्ष झाले. बोनस मिळाला, चांगला मिळाला, शेतकरी खूश. मग कंपनीच्या भारतातल्या शाखेचा ताळेबंद आला. शाखा तोट्यात. जुनं कलम असतं तर आमच्या हातात धुपाटणं आलं असतं. सर्वसाधारण सभेत अकीलचं नाव कुणी घेतलं नाही.

नाना मात्र मला घेऊन अकीलच्या घरी गेले. हारुनशेठांनी पाणी दिलं.

"अकीलभाऊ, आते त पक्कं व्हयनं," नाना म्हणाले. "नफा सिंगापूरले गया. तुमी एक वळ लिखी द्या, मी पेपरले देस. आनि उद्यापासून तुमी परत आमना सल्लागार."

अकीलने ताळेबंद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मी त्याच्या टेबलाकडे, गोण्यांकडे बघत होतो आणि मनातल्या मनात म्हणत होतो, लिही बाबा, एकच ओळ.

"औंदा मिरची महाग व्हती, नाना. नवं मशिन बी लेयेल शे. तोटा दखास. तो सिंगापूरमुळे व्हयना आसं आठे दखात नही. नही व्हयना आसं बी दखात नही."

नाना उठले. जाताना चप्पल घालायला त्यांना फार वेळ लागला.

नाना थांबणारे नव्हते. धुळ्याहून दुसरा सल्लागार आणला. त्याने पहिल्याच भेटीत हवं ते लिहून दिलं: बेटांवर कंपन्या, इथे तोटा, म्हणजे करचोरी. एका साप्ताहिकात ते छापून आलं, आमच्या लेटरहेडसकट. पंधरवड्यात कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. पुरावा द्या, नाहीतर लेखी माफी मागा, नाहीतर कोर्टात या, करारही थांबवू. धुळ्याच्या माणसाने फोन उचलणं बंद केलं. पथाऱ्यांवर आमच्या सभासदांची मिरची पडून राहिली.

माफीनामा कोण लिहिणार? नाना मला म्हणाले, "त्या पिंजारीले बलाव."

अकील आला. नाना म्हणाले, कंपनी धुतल्या तांदळासारखी आहे असं लिही आणि मोकळं कर. अकीलने नकारार्थी मान हलवली आणि लिहिलं: "उपकंपन्यांचे पत्ते व एका वर्षाचा तोटा यांवरून आम्ही काढलेला निष्कर्ष काढता येत नव्हता. तो आम्ही मागे घेतो व त्याबद्दल दिलगीर आहोत." पुढे काही नाही.

"कंपनी चांगली शे, आसं लिख ना," नाना म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "नही त कंपनीवाला मानतीन नही."

"मले माहीत नही ते मी तुमनी सहीखाल बी लिखसू नही."

नानांनी सही केली. कंपनीच्या वकिलाने ते तसंच स्वीकारलं, आणि आठवड्यात ट्रक सुरू झाले. अकीलने बिल पाठवलं, पूर्ण फीचं, एक रुपया कमी नाही. मी ते त्याच दिवशी मंजुरीला ठेवलं, आणि नानांनी न वाचता सही केली तेव्हा मला फार बरं वाटलं.