कलम पंचेचाळीस आणि धम्मपाल

बावीस वर्षं मी विमा विकला आणि आता नऊ वर्षं विकायला शिकवतोय, त्यामुळे माझी जीभ जरा जास्तच चालते. शालिमारजवळ चपलांच्या दुकानावर माझा क्लास आहे. विमा एजंटच्या परीक्षेआधी पंचवीस तासांचं प्रशिक्षण सक्तीचं असतं, ते मी पाच दिवसांत उरकतो. लियाकत सर म्हणजे पास होण्याची गॅरंटी, असं लोक म्हणतात. खरं सांगायचं तर ते मीच पसरवलंय.

गेल्या जूनच्या बॅचमध्ये स्नेहा नावाची बाई होती. सातपूरला राहायची, घरी ब्लाऊज शिवायची. तिचा नवरा धम्मपाल अंबडच्या कारखान्यात बफिंगला होता, म्हणजे दिवसभर फिरत्या चाकावर पितळी नळ धरून त्यांना चकाकी आणायची. पहिली पाळी सुटली की तो तिला न्यायला यायचा आणि क्लास संपेपर्यंत दाराबाहेरच्या पायरीवर उभा राहायचा. सडपातळ माणूस, पॅंटला पट्ट्याची दोन जादा भोकं पाडलेली. दुसऱ्या दिवशी मीच ओरडलो, "अहो, आत बसा. फुकटात शिकाल!"

तो आत आला आणि उरलेल्या दिवसांत सगळ्यांच्या पुढे गेला.

पुस्तिकेच्या मागे शब्दसूची आहे. विमा रक्कम, वाढीव मुदत, परम सद्भाव. माझे विद्यार्थी ती घोकतात आणि विसरतात. धम्मपाल घोकत नव्हता, तो प्रत्येक शब्द स्वतःला लावून बघायचा. "परम सद्भाव म्हणजे सर, कंपनीला माझ्या आतलं दिसत नाही, म्हणून मीच खरं सांगायचं. बरोबर?" बरोबरच होतं. मी तेवीस वर्षांच्या पोरांना त्याच्यावरून टोमणे मारले.

हप्त्याच्या सरावाला मी म्हणालो, घरचं उदाहरण घ्या. स्नेहाने नवऱ्याचं घेतलं. वय एकेचाळीस वर्षं दोन महिने. पुस्तिकेत जवळच्या वाढदिवसाचं वय धरतात, म्हणून एकेचाळीस. विमा तीन लाखांचा, तक्त्यातला दर हजारी बावन्न रुपये. वर्षाला एकदाच हप्ता भरणाऱ्याला त्यावर दोन टक्के सूट, मोठ्या रकमेबद्दल हजारी दोन रुपये आणखी कमी, आणि अपघात लाभाचा हजारी एक रुपया शेवटी मिळवायचा. स्नेहाने तो एक रुपया आधीच मिळवला आणि सगळ्यावर सूट धरली. तिचं उत्तर आलं चौदा हजार नऊशे ब्याऐंशी.

"सहा रुपये कमी आले गं," धम्मपाल मागून म्हणाला. "अपघाताच्या रुपयाला सूट नसते." खरं उत्तर चौदा हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी. मी टाळी वाजवली. तो हसला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. बराच वेळ खोकला. मी पंख्याचा वेग कमी केला आणि पुढचं गणित घातलं.

शेवटच्या दिवशी मी कलम पंचेचाळीस घेतलं. हे माझं आवडतं. आवाज चढवून सांगतो, की पॉलिसीला तीन वर्षं झाली की कंपनी कोणत्याही कारणावरून तिच्यावर बोट ठेवू शकत नाही. त्याआधी मात्र माहिती लपवल्याचं सापडलं, तर दावा नाकारता येतो.

धम्मपालने हात वर केला. "सर, माणसाला स्वतःलाच माहीत नसेल तर?"

"माहीत नसेल तर लपवलं नाही," मी म्हणालो. वर्गाकडे बघून म्हणालो, टाळीचं वाक्य होतं. हेतू नव्हता हे सिद्ध झालं तर कायदाही तेच म्हणतो. पण याच्यापुढे एक वाक्य असतं. प्रस्तावाच्या अर्जात फक्त आजाराचं नाव विचारत नाहीत. सतत खोकला आहे का, वजन घटलंय का, हेही विचारतात, आणि ते माणसाला माहीतच असतं. ते वाक्य मी बोललो नाही. पाच वाजले होते, आणि मला चहा हवा होता.

पुढचं मला स्नेहाने सांगितलं.

कारखान्यात धम्मपालच्या ओळीतली दोन माणसं, हिरामण आणि बहिरू, छातीत धूळ साचून वारली होती. त्या धुळीवर औषध नाही, हे सगळ्या शेडला ठाऊक. धम्मपालने आपल्या खोकल्याचा हिशोब तिथेच लावून टाकला. मरायचं ठरलंच आहे, तर निदान मनालीच्या शिक्षणाची सोय करून मरू. मनाली त्यांची मुलगी, आठवीत. स्नेहा म्हणायची एक्स-रे काढा. तो म्हणायचा, "काढला की माहीत झालं. माहीत झालं की अर्जात लिहावं लागणार. तू पास हो, तुझा पहिला अर्ज माझा. परक्या एजंटपुढे मी अर्धा तास खोकला दाबू शकत नाही. मग तीन वर्षं मी ओढतो."

आता तीन वर्षं ओढायला आधी पॉलिसी हवी, आणि पॉलिसीला स्नेहाचं लायसन्स. जुलैत ती दोन मार्कांनी नापास झाली. कॉम्प्युटरवरची परीक्षा, माउस धरायची सवय नाही म्हणाली. सप्टेंबरात पुन्हा नापास. मला फोन आला तेव्हा मी तिलाच झापलं, "घरात एवढा हुशार माणूस आहे, जरा शिका त्याच्याकडून!" आणि तो शिकवतच होता. पाळीवरून आला की भिंतीला टेकून तिला शब्द विचारायचा. शेवटी शेवटी एक शब्द विचारून दम घ्यायला थांबायचा.

डिसेंबरात ती पास झाली. घरी पेढे घेऊन आली तर तो मोरीत बसलेला होता आणि फरशी लाल झाली होती.

महापालिकेच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरला. धूळ नव्हती. टीबी होता. साधा, औषधाने बरा होणारा टीबी. गोळ्या सरकारकडून फुकट, सहा महिन्यांचा कोर्स. "जूनमध्ये आला असतात तर आज शेवटची गोळी घेतली असती," त्या म्हणाल्या. दोन्ही फुप्फुसं पोखरून झाली होती. जानेवारीच्या नऊ तारखेला धम्मपाल गेला. विमा नव्हताच.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी सातपूरला गेलो. बुद्धवंदना झाली, माणसं जेवायला बसली. स्नेहाने मला आतल्या खोलीत नेलं आणि पुस्तिका हातात दिली. मार्जिनमध्ये त्याचं बारीक अक्षर. एकेचाळीसचं गणित काट मारून शेजारी बेचाळीसचं केलेलं, कारण मधल्या महिन्यांत जवळचा वाढदिवस बदलला होता. दर साडेत्रेपन्न, हप्ता पंधरा हजार चारशे एकोणतीस. मी सवयीने ताळा केला. बरोबर होतं. कलम पंचेचाळीसपाशी चौकट आखून लिहिलेलं: माहीत नसेल तर लपवलं नाही – लियाकत सर. त्याखाली जूनची तारीख.

"सर," ती म्हणाली. रडत नव्हती. "काल मी कोरा अर्ज वाचला. त्यात खोकल्याचा वेगळा प्रश्न आहे. म्हणजे एक्स-रे काढला काय, नाही काढला काय, ह्यांना 'होय' लिहावंच लागलं असतं. खाली एजंट म्हणून माझी सही लागली असती."

मी मान हलवली.

"मग सहा महिने कशासाठी थांबले हे?"

बाहेर कोणीतरी पाणी मागत होतं. मनाली पाण्याचा जग घेऊन आमच्यामधून गेली.

"त्या दिवशी ह्यांनी विचारलं, तेव्हा हा खोकल्याचा प्रश्न तुम्हाला माहीत होता ना सर?"

"होता," मी म्हणालो.