पाठीमागचा आकडा

आमचं जुन्नरच्या बाजारात कापडाचं दुकान. प्रत्येक ताग्याला चिठ्ठी असायची, तिच्यावर खरेदीची किंमत अक्षरांत. कोणतं अक्षर म्हणजे कोणता आकडा, ते फक्त घरच्यांना ठाऊक. विकायचा भाव चिठ्ठीवर नसायचाच. वडील म्हणायचे, "आधी गिऱ्हाइकाच्या पायातलं बघ, मग तोंड उघड."

शाळेत आम्हाला चित्रकला शिकवणारे सर आमच्याकडूनच कापड घेत. भाव कधी विचारत नसत. "तू सांगशील तो खरा," म्हणून पैसे काढून ठेवायचे. निवृत्तीनंतर ते निरगुडसर या आपल्या गावी राहायला गेले आणि दिवसभर चित्रं काढू लागले. नदी, कांद्याच्या चाळी, बाजाराला निघालेल्या बाया. तोवर मी दुकानाच्या पोटमाळ्यावर कॉम्प्युटर बसवला होता आणि वेबसाइट बनवायला शिकलो होतो. दोन हजार चार-पाचची गोष्ट असेल. सरांची वेबसाइट मीच हौसेने केली.

"किमती काय टाकू, सर?"

"नको टाकूस. आकडा दिसला की माणूस चित्र बघत न्हाई, आकडाच बघतो. ज्याला हवंय तो इचारंल."

किंमत मात्र ठरलेली असायची. प्रत्येक चित्राच्या पाठीमागे, लाकडी चौकटीवर, सर पेन्सिलीने आकडा लिहीत. जो विचारेल त्याला तोच. म्हणून मी प्रत्येक चित्राखाली 'मूळ चित्र, किंमत विचारल्यावर' असं टाकलं आणि एक फॉर्म जोडला : नाव, गाव, देश, फोन, कोणतं चित्र. भरलेला फॉर्म माझ्या ईमेलवर यायचा. तो छापून मी निरगुडसरला न्यायचा, सर चित्र उलटं करून आकडा सांगायचे, आणि मी तो कळवायचा. चित्र गेलं की खाली 'विकले' लिहायचं.

चाळीच्या चित्राला पुण्याच्या एका डॉक्टरांनी विचारलं. पाठीमागे आठ हजार होते, तेच कळवले. त्यांचं उत्तर आलं नाही. महिन्याने त्याच चित्रासाठी दुसरा फॉर्म आला. देशाच्या रकान्यात अमेरिका.

त्या दिवशी मी निरगुडसरला गेलो नाही. वेबसाइटवर गिऱ्हाइकाचे पाय दिसत नाहीत, पण देश दिसतो. मी बत्तीस हजार लिहिले. वरचे पैसे सरांनाच द्यायचे, त्यांना चकित करायचं, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे त्यातले किती द्यायचे हे मी ठरवलंच नव्हतं. तिकडून उत्तर आलं : दिवाळीत भारतात येतोय, चित्र बघून घेतो.

ते आले, आणि सोबत आले ते डॉक्टर. अमेरिकावाला त्यांचा मेहुणा होता. आपल्या भिंतीवर चित्र मावत नाही म्हणून डॉक्टरांनीच त्याला वेबसाइट कळवली होती. मी आधीच सरांच्या ओसरीवर बसलो होतो. मेहुण्याने दोन छापील कागद खाटेवर ठेवले.

"एकच चित्र, सर. दाजींना आठ, मला बत्तीस. विमानाचं भाडं धरलंत का यात?"

सरांनी दोन्ही कागद वाचले. मग माझ्याकडे पाहिलं. चाळीचं चित्र त्यांच्या मांडीवर होतं. ते नुसतं उलटं केलं असतं तरी सगळं स्पष्ट झालं असतं. मी वाट बघत होतो. आज कबूल करतो, त्यांनी ते उलटं करू नये म्हणून मनात हात जोडत होतो.

सरांनी चित्राचं तोंड पाहुण्यांकडेच ठेवलं. म्हणाले, "भाव मीच सांगितले व्हते. दोन्ही."

"आम्हाला वाटलं कलाकार आहात," मेहुणा उठत म्हणाला. "तुम्ही तर दुकानदार निघालात."

खरा दुकानदार त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसला होता. मान खाली घालून. काकूंनी आणलेला चहा कुणी घेतला नाही. डॉक्टर तेवढे जाताना सरांना नमस्कार करून गेले.

गाडी वळल्यावर मी म्हणालो, "सर, आता प्रत्येक चित्राखाली किंमत टाकतो. पुन्हा असं होणार नाही."

"बंद कर ते."

"सर, माझं चुकलं..."

"तू शाळंत व्हतास तवाबी रेघ चुकली की माझ्याकडं बघायचास," ते म्हणाले. "मी खोडून द्यायचो. माझंच चुकलं."

वेबसाइट मी त्याच आठवड्यात काढून टाकली. सरांनी पुढे चित्र विकल्याचं ऐकलं नाही.

पुढच्या वर्षी ते दुकानात आले. धोतराचं पान हाताने चाचपलं आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "भाव काय?"

मी सांगितला.

"सगळ्यांना ह्योच?"

"हो सर."

त्यांनी पैसे मोजून ठेवले आणि धोतर पिशवीत घातलं. ताग्याच्या चिठ्ठीवर तेव्हाही भाव नव्हता, वडिलांचीच अक्षरं होती.