दहा मिनिटांची कॉफी

शिक्रापूरला हायवेलगत आमचं छोटं हॉटेल होतं. वडिलांनी लग्नाच्या मांडवात असतं तसलं वाफेचं कॉफी मशीन आणलं आणि रोज सकाळी पुण्याहून येणारी एक लक्झरी बस आमच्याकडे दहा मिनिटं थांबू लागली. त्या बसवर घरातल्या सगळ्यांचा जीव होता.

महिन्याभरात ड्रायव्हर गल्ल्याशी येऊन म्हणाला, "आप्पा, पब्लिक बोंबलतंय. तुमचा स्टीलचा गिलास धरला की चटका, ठेवला की गार. बघा काहीतरी, न्हाईतर म्होरचा ढाबा हायेच."

मी कॉलेजच्या सुट्टीत घरी होते. इंग्रजी शाळेत शिकल्याने मला सगळं कळतं, अशी वडिलांची समजूत होती आणि ती मोडण्याइतकं बोलणं मला कधी जमलं नाही. डेअरीतून दुधाचा थर्मामीटर मागून आणला. चिनी मातीचा कप, काचेचा ग्लास, स्टीलचा ग्लास आणि कागदी कप असे चार मांडून त्यांत सारखीच कॉफी ओतली.

पहिल्या फेरीत चिनी मातीच्या कपातलाच पारा आधी उतरला. जाड आणि गार असल्याने कॉफीची ऊब त्यानेच पिऊन टाकली होती. दुसऱ्यांदा तो गरम पाण्याने विसळून घेतला, तेव्हा मात्र शेवटपर्यंत पुढे राहिला. चवीचा निकाल आईने लावला. "कागदातली वहीच्या पुठ्ठ्यावानी लागती. स्टीलची ओठाला चावती. काचेची बरी हाय, पण काठाला धरूनच प्यायची."

"आन् कपातली?" वडिलांनी विचारलं.

"कॉफीसारखी."

वडिलांनी पुण्याहून कपबश्यांचं खोकं आणलं. दुसऱ्या दिवशी गरम पाण्यातून काढलेल्या कपांतून कॉफी गेली. पाच मिनिटं झाली तरी कुणी घोट घेईना. कान धरून कप उचलायचा, ओठापाशी न्यायचा, फुंकर घालायची आणि परत ठेवायचा. कॉफी इतकी छान गरम राहिली होती, की ती पिताच येईना. ड्रायव्हरने हॉर्न दिला. वडील माझ्याकडे बघू लागले, मी थर्मामीटरकडे.

तेवढ्यात पांढऱ्या टोपीतल्या एका आजोबांनी कप बशीत रिकामा केला, बशी तोंडाला लावली आणि दोन भुरक्यांत कॉफी संपवली. मग त्यांच्या टेबलावरचे, मग शेजारचे. मोबाईल कानाला लावलेल्या साहेबानेही इकडेतिकडे बघून तेच केलं. हॉटेलभर सुरसुर झाली आणि बस वेळेत भरली.

ड्रायव्हर स्वतःची बशी खाली ठेवत म्हणाला, "आता कसं! उद्यापास्नं दुसरी गाडीबी हितंच थांबवायला सांगतो."

संध्याकाळी वडिलांनी पाटी रंगवून घेतली: 'शेवटच्या घोटापर्यंत गरम कॉफी'. येणाऱ्याजाणाऱ्याला ते अभिमानाने सांगत, "आमच्या पोरीनं थर्मामीटर लावून कप निवडलाय." गिऱ्हाईक मान डोलवत ऐके आणि कॉफी बशीत ओते.