पिंकीचे साडेचार मीटर

किन्हीराजाजवळच्या एका शाळेत देवमन इंगोले दहावीला गणित शिकवतात. समरूप त्रिकोणांची त्यांची सरावपत्रिका आजूबाजूच्या शाळाही मागून नेतात. यंदा त्यांनी तिच्यात एक नवा प्रश्न घातला : ‘उत्तर काढण्याआधी संगत बाजूंच्या जोड्या लिहा.’ आणि नमुना म्हणून सावलीच्या जुन्या गणिताच्या जोड्या स्वतःच लिहायला बसले.

दीड मीटर उंचीचा माणूस दिव्याच्या खांबापासून चार मीटरवर उभा आहे. त्याची सावली दोन मीटर. खांब किती उंच?

लहान त्रिकोणात सावली दोन. मोठ्या त्रिकोणात तिच्या जोडीची बाजू? आकृतीवर सरांचं बोट खांबाच्या बुडापासून निघालं, ते माणसाच्या पायाशी थांबेना. दोन्ही त्रिकोणांचा सामाईक कोन सावलीच्या टोकाशी होता. म्हणजे मोठ्या त्रिकोणाचा पाया चार नव्हे. चार अधिक दोन, सहा. सहा भागिले दोन, तीन पट. खांब साडेचार मीटर.

त्यांच्या उत्तरसूचीत तीन मीटर होतं. त्यांनी चारलाच दोनने भागून दुप्पट धरली होती. सात वर्षं.

आणि त्यांना त्या पहिल्याच वर्षीच्या वर्गातली पिंकी आठवली. तिच्या पत्रिकेवर साडेचार होतं, त्यावर त्यांनी लाल फुली मारली होती.

“सर, सावलीच्या टोकापासून मोजा ना,” ती उभी राहून म्हणाली होती.

“तुले माह्यापेक्षा जास्त समजते काय? बस खाली.”

वर्ग हसला होता. त्यानंतर गणिताच्या तासाला तिचा हात वर गेल्याचं त्यांना आठवेना. सायन्सला जायचं म्हणत होती, अकरावीला आर्ट्सला गेली. तेव्हा त्यांनी कारण विचारलं नव्हतं.

चौकशी केली तर ती रिसोडला नांदत होती. बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान चालवत होती. रविवारी सर गेले. पत्रिका काउंटरवर ठेवली.

“किती कॉप्या, सर?”

“कॉप्या नाही. तुझं उत्तर बरोबर होतं, पिंकी. चूक माही होती.”

तिनं कागद वाचला.

“घरी जाऊन तीनदा केलं होतं मी,” ती म्हणाली. “तिन्ही खेपा साडेचारच आलं. मंग वाटलं, सर म्हणून राह्यले, तं मीच चुकली असन. मले गणितातलं काही समजतच नाही, असं धरून घेतलं.”

“माफ कर, बाई.”

“तुमी एवढ्या दूर आले, बसा. चहा सांगते.” मग हळूच म्हणाली, “बाबाले मात्र सांगू नका. मले सायन्स झेपलं नसतं, असं समजून त्याईनं मन मारलं. आता कळलं तं त्याईले लय लागन.”

सरांनी होकारार्थी मान हलवली. तेवढ्यात आधारकार्डाची झेरॉक्स काढायला गिऱ्हाईक आलं, आणि ती मशीनकडे वळली.