लिहिलंय, पण बोललं नाही

दीप्तीच्या स्क्रिप्टच्या पानाला तीन रकाने असत: काय दिसेल, काय ऐकू येईल आणि पडद्यावर काय लिहिलेलं येईल. तिसऱ्या रकान्यावरून तिची सगळ्यांशी भांडणं होत. दवाखान्याच्या वेळा, फोन नंबर, लक्षात ठेवायचे आकडे हे दाखवायचं. जे माणसाने घरी जाऊन करायचं किंवा टाळायचं ते बोलायचं, हा तिचा नेम. आवाज एक सांगतोय आणि अक्षरं दुसरंच, असं झालं की माणूस दोन्हीकडून जातो, असं ती म्हणे. स्क्रिप्ट झाली की ती एकदा डोळे मिटून ऐकायची आणि एकदा आवाज बंद करून बघायची. अशी हट्टी बाई कुणाला आवडणार?

नवरा इंद्रजित फौजेत मेजर. बदली झाली की दीप्तीची नोकरी सुटायची, आणि नव्या गावात पहिल्यापासून हांजी हांजी. लखनऊला आल्यावर छावणीतल्या क्वार्टरमध्ये वर्षभर भिंती बघितल्यावर पृथ्वीराजच्या छोट्या स्टुडिओत माहितीच्या फिल्म लिहायचं काम मिळालं होतं. पृथ्वीराज माणूस चांगला, पण गिऱ्हाइकासमोर त्याचा कणा मऊ पडे. निवेदकाचे पैसे वाचावेत म्हणून त्याने दीप्तीचाच आवाज वापरायला सुरुवात केली होती. तिची हिंदी साफ होती.

एका धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयासाठी मधुमेहावरची फिल्म करायची होती. ती बाह्यरुग्ण विभागातल्या टीव्हीवर दिवसभर चालणार होती. दीप्तीने डॉक्टरांकडून मुद्दे घेतले आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आवाजाच्या रकान्यात टाकलं: व्रताचा उपास असेल त्या दिवशी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घेऊ नका, साखर एकदम उतरू शकते.

ट्रस्टचे विजयबाबू स्क्रिप्ट वाचता वाचता तिथेच थांबले.

"मॅडम, ये लाइन बोलिए मत. हमारे दानदाता बड़े धार्मिक लोग हैं. लगेगा, हम व्रत के ख़िलाफ़ हैं. नीचे लिख दीजिए."

"सर, हॉलमध्ये... मतलब, हॉल में आधे लोग पढ़ नहीं पाते. बुज़ुर्गों को तो दिखता ही नहीं."

"लिखा तो रहेगा न?"

तिने शेवटचा उपाय काढला. मग वाक्य पूर्ण पडद्यावर मोठ्या अक्षरांत येऊ द्या, आणि तेवढा वेळ आवाज थांबू द्या; शांत झालं की माणसं वर बघतात. विजयबाबू हसले. शांत झालं की टीव्ही बिघडला असं वाटतं म्हणाले. तिथे संस्थापकांविषयी दोन शब्द टाका.

झालं! दीप्तीच्या आवाजात संस्थापकांच्या सेवेचं कौतुक, खाली त्यांच्या नावाची आणि पदाची पट्टी, त्याखाली त्याच कौतुकाचं कॅप्शन, आणि सगळ्या गर्दीत व्रताची ओळ. ती आधी नावाच्या पट्टीखालीच दडपली गेली होती. दीप्तीने ती वर नेली, अक्षरं वाढवली, दोनदा वाचून होईल इतका वेळ ठेवायला लावली. तेवढंच तिच्या हातात उरलं होतं.

"यार दीप्ती, छोड़ो," पृथ्वीराज तिला बाजूला घेऊन म्हणाला. "इनकी और भी फिल्में आनी हैं. तुम अड़ोगी तो किसी और से लिखवानी पड़ेगी."

तिला स्वतःचा भयंकर राग आला. तरी माइकसमोर बसून तिने संस्थापकांचं कौतुक गोड आवाजात वाचलं. नोकरी सोडली तर पुन्हा त्या भिंती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

फिल्म तयार झाली तेव्हा घरी सासूबाईंनी, हेमाताईंनी, हट्टच धरला, मला लाव. हेमाताईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. साखर ताब्यात येईना म्हणून शस्त्रक्रिया अडलेली. आणि उपास मात्र एक सुटायचा नाही. दीप्तीने टीव्हीवर फिल्म लावली. हेमाताईंनी खुर्चीत टेकून डोळे मिटले आणि सुनेचा आवाज कौतुकाने शेवटपर्यंत ऐकला.

"छान बोललीस गं. गोळी रोज घ्यायची म्हणालीस, म्हणजे उद्याच्या चतुर्थीला घ्यायला हरकत नाही."

दीप्ती ताडकन उठली. "नाही आई! उपासाच्या दिवशी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घ्यायची नाही. आत्ता फोन करते त्यांना."

"अगं, मग यात का नाही म्हणालीस? बाकी सगळं तर सांगितलंस."

"लिहिलंय, आई. पडद्यावर आहे."

हेमाताईंनी डोळे उघडून टीव्हीच्या दिशेला तोंड केलं.

"कुणासाठी गं?" त्यांनी विचारलं.